प्रशिक्षणाचा माणशी खर्च: भागायचं कशाने, हे आधी ठरवा

प्रशिक्षणाचं अंदाजपत्रक करताना बहुतेकजण सगळा खर्च एकाखाली एक मांडतात, बेरीज करतात आणि सभागृहात जितक्या खुर्च्या मावतात तितक्याने भागतात. येणारा आकडा छान लहान दिसतो, म्हणून तोच शुल्क म्हणून जाहीर होतो. प्रत्यक्षात खुर्च्या कधीच पूर्ण भरत नाहीत आणि वर्ग संपल्यावर हिशेब तुटीत जातो. बेरीज सहसा बरोबर असते. चूक होते ती भागाकारात, आणि त्याहून जास्त सगळे खर्च एकाच जातीचे मानण्यात.

हे नीट कळावं म्हणून एकच वर्ग शेवटपर्यंत उलगडून बघू. प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं अनिवासी प्रशिक्षण, सभागृहाची क्षमता 30. हा विषय मुद्दाम घेतला, कारण यात पुतळ्यावर हाताने सराव करावा लागतो आणि त्यामुळे माणसं वाढली की खर्च कसा उड्या मारतो ते स्वच्छ दिसतं. रकमा मी हिशेब समजावा म्हणून सोयीच्या धरल्या आहेत. चलन कोणतंही समजा, तुमचे दर त्या जागी घाला. रीत बदलत नाही.

पहिली पायरी: खर्चाचे तीन ढीग करा

एक ढीग ठाम खर्चाचा. वर्गाला 5 जण आले काय किंवा 30 आले काय, तो तेवढाच होतो. दुसरा ढीग माणशी खर्चाचा, म्हणजे माणूस वाढला की वाढणारा आणि कमी झाला की निदान कागदावर तरी कमी होणारा. तिसरा ढीग पायरीच्या खर्चाचा. ठरावीक संख्येपर्यंत तो हलत नाही, ती ओलांडली की एकदम वर चढतो. अंदाजपत्रकात हा तिसरा ढीग मला क्वचितच वेगळा दिसतो. त्याची रक्कम ठाम खर्चात घातलेली असते किंवा राहूनच गेलेली असते.

प्रशिक्षक: शिकवण्याचे दिवस आणि कामाचे दिवस

मुख्य प्रशिक्षकाचं मानधन दिवसाला 8,000 ठरलं, तर दोन दिवसांचे 16,000 झाले. पण प्रशिक्षकाचं काम दोन दिवसांत संपत नाही. गटाप्रमाणे प्रसंग तयार करणं, साहित्य तपासणं, शेवटच्या चाचणीची उत्तरं तपासून निकाल देणं यात आणखी एक दिवस जातो. काही प्रशिक्षक तो दिवस मानधनातच धरतात, काही वेगळा लावतात. हे बोलणी करतानाच विचारून घ्यावं. आपल्या उदाहरणात तयारीचे 4,000 आणि प्रवास-मुक्कामाचे 5,000 वेगळे आहेत. एकूण 25,000, सगळा ठाम खर्च.

प्रशिक्षक आपल्याच संस्थेतला पगारी माणूस असेल तर अनेकजण इथे शून्य लिहितात. तसं करू नका. त्या तीन दिवसांत त्याचं नेहमीचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं किंवा ते राहिलं. त्याच्या तीन दिवसांच्या पगाराएवढी रक्कम लिहा. नाहीतर पुढच्या वेळी बाहेरचा प्रशिक्षक आणावा लागला की तोच वर्ग अचानक महाग झाल्यासारखा वाटेल आणि कुणालाच कारण सांगता येणार नाही.

आता पायरी. छातीवर दाब देण्याच्या सरावात प्रत्येकाचे हात कुठे पडतात, दाब पुरेसा खोल जातो का, हे प्रशिक्षकाला स्वतः बघावं लागतं. आपण असं धरू की एक माणूस 12 जणांकडे नीट लक्ष देऊ शकतो. म्हणजे 13 वा सहभागी आला की सहप्रशिक्षक हवा आणि 25 वा आला की दुसरा सहप्रशिक्षक. सहप्रशिक्षकाचं दोन दिवसांचं मानधन 8,000, प्रवास 1,300 आणि त्याचं स्वतःचं जेवण-चहा 700, असे एका पायरीचे 10,000. शिवाय दर 6 जणांमागे सरावाचा एक पुतळा भाड्याने, दोन दिवसांचे 1,000.

प्रशिक्षण देणाऱ्या किंवा प्रमाणित करणाऱ्या संस्थेने हे प्रमाण ठरवून दिलं असेल तर त्यात सवलत घेऊ नका. "एकाच माणसात भागवू" असं म्हणून खर्च वाचवला, की निम्मे सहभागी पुतळ्याजवळ नुसते उभे राहतात. हिशेबात ही काटकसर दिसते, पण ज्यासाठी लोकांनी पैसे भरले तो सरावच बुडतो.

जागा

सभागृहाचं भाडं दिवसाला 6,000, दोन दिवसांचे 12,000. पडदा, प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा दिवसाला 1,500, म्हणजे 3,000. आदल्या संध्याकाळी पुतळे, सतरंज्या आणि टेबलं लावायला जागा हवी, त्याचे 2,000. एकूण 17,000.

हे शेवटचे 2,000 बहुतेक अंदाजपत्रकांत नसतात. मग पहिल्या दिवशी सकाळी सामान लावताना तासभर जातो, शिकवण्याचा वेळ कापला जातो आणि दुसऱ्या दिवशी वेळ वाढवून जादा भाडं भरावं लागतं. जागा ठरवताना दोन प्रश्न लेखी विचारून घ्या: भाड्याचा तास नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो, आणि रद्द केलं तर किती दिवस आधीपर्यंत किती पैसे परत मिळतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुढे फार मोलाचं ठरणार आहे.

साहित्य

माणशी पुस्तिका 150, पट्ट्या, हातमोजे, पुतळ्यावर लावायचं तोंडाचं आवरण वगैरे सरावात संपणारं सामान 250, वही-पेन-नावपट्टी 50. मिळून 450. पुस्तिकेची मांडणी आणि प्रमाणपत्राचा नमुना तयार करायला 2,900 लागले, ते ठाम खर्चात.

पुस्तिकेबाबत एक मोह होतो. छापखाना सांगतो, 100 प्रती घेतल्या तर प्रत खूप स्वस्त पडेल. पुढचे वर्ग ठरलेले असतील तर जरूर घ्या. पण मग या वर्गाच्या हिशेबात वापरलेल्या प्रतींचाच खर्च धरा आणि उरलेल्या साठ्यात दाखवा. पुढचा वर्ग ठरलेला नसेल, तर सगळ्या 100 प्रतींचा खर्च याच वर्गाच्या माथी आहे असं समजून तुलना करा. मजकूर बदलला की उरलेल्या प्रती रद्दीत जातात आणि स्वस्त वाटलेली प्रत तिप्पट महाग पडते.

जेवण: ताटं कुणाकुणाची?

दोन दुपारची जेवणं प्रत्येकी 250 आणि चार वेळचा चहा-नाश्ता प्रत्येकी 50, म्हणजे माणशी 700. इथे दोन गोष्टी सुटतात.

पहिली म्हणजे जेवणारे सगळे सहभागी नसतात. मुख्य प्रशिक्षक, समन्वयक आणि एक मदतनीस असे तिघे रोज जेवणार. त्यांचे 2,100 ठाम खर्चात गेले पाहिजेत. सहप्रशिक्षकाचं जेवण आपण त्याच्या पायरीत धरलंच आहे.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. जेवण पुरवणारा दोन-तीन दिवस आधी पक्का आकडा मागतो आणि त्या आकड्याचे पैसे घेतो, माणसं आली काय किंवा न आली काय. म्हणजे जेवण हा माणशी खर्च दिसतो, पण आकडा कळवला त्या क्षणी तो ठाम खर्च होतो. म्हणून नोंदणीचा आकडा जसाच्या तसा कळवू नये. पैसे भरलेल्यांचा आकडा कळवावा आणि थोडी माणसं वाढली तर पुरवठादार सकाळी किती ताटं वाढवू शकेल हे आधीच विचारून ठेवावं. पथ्याचं किंवा वेगळं जेवण लागणाऱ्यांची माहिती नोंदणीच्या अर्जातच घ्या. आयत्या वेळी मागवलेलं वेगळं ताट नेहमीच महाग असतं.

प्रमाणपत्र

छपाई आणि फोल्डर 60, प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नोंदणी शुल्क 140, माणशी 200. हा आकडा लहान आहे, पण चुका होण्याची जागा हीच. नाव चुकीचं छापलं की पुन्हा छपाई, पुन्हा टपाल, आणि नोंदणी झालेली असेल तर दुरुस्तीचं शुल्क. पहिल्या दिवशी दुपारी नावांची यादी वर्गात फिरवा, प्रत्येकाने आपलं नाव प्रमाणपत्रावर हवं तसं स्वतःच्या हाताने लिहून सही करावी, आणि मगच छपाईला द्यावं. मी हे करायला लागल्यापासून दुरुस्तीची प्रमाणपत्रं जवळजवळ थांबली.

हजेरीचं प्रमाणपत्र आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी शुल्क चाचणी देणाऱ्यांवर लागतं की उत्तीर्ण होणाऱ्यांवर, आणि फेरचाचणीचे पैसे कोण भरणार, हे आधी विचारा. आपल्या हिशेबात सोयीसाठी हजर राहिलेला प्रत्येकजण प्रमाणपत्र घेतो असं धरलं आहे.

आता बेरीज

समन्वयकाचा वेळ, फोन आणि प्रसिद्धी यांचे 6,000 राहिले होते. ते धरून ठाम खर्च असा: प्रशिक्षक 25,000, जागा 17,000, समन्वय 6,000, आपल्या माणसांचं जेवण 2,100, मांडणी आणि नमुना 2,900. एकूण 53,000. माणशी खर्च 450 अधिक 700 अधिक 200, म्हणजे 1,350. पायरीचा खर्च वर सांगितल्याप्रमाणे. स्प्रेडशीटमध्ये B1 या चौकटीत संख्या लिहा आणि दुसऱ्या चौकटीत हे सूत्र घाला:

```
=53000+ROUNDUP(MAX(B1-12,0)/12,0)*10000+ROUNDUP(B1/6,0)*1000+B1*1350
```

यातला पहिला भाग ठाम, मधले दोन पायरीचे आणि शेवटचा माणशी. वेगवेगळ्या संख्या घालून बघितलं की असं येतं:

| सहभागी | एकूण खर्च | माणशी |
|---|---|---|
| 12 | 71,200 | 5,933 |
| 18 | 90,300 | 5,017 |
| 24 | 99,400 | 4,142 |
| 25 | 1,11,750 | 4,470 |
| 28 | 1,15,800 | 4,136 |
| 30 | 1,18,500 | 3,950 |

24 आणि 25 या दोन ओळींवर जरा थांबा. एक माणूस वाढला आणि एकूण खर्च 12,350 ने चढला, कारण त्याच्यासोबत सहप्रशिक्षक आणि पुतळाही आला. 25, 26 आणि 27 या संख्यांना माणशी खर्च 24 पेक्षा जास्तच राहतो, 28 ला कुठे तो पुन्हा त्याच पातळीवर येतो. म्हणून या वर्गाची नोंदणी 24 वर थांबवावी, आणि प्रतीक्षा यादीत निदान चारजण पैसे भरून तयार असतील तरच पुढे उघडावी. जितके येतील तितके चांगले, हा समज इथे चालत नाही.

शुल्क कोणत्या आकड्यावर ठरवायचं

समजा 24 जण येतील असं धरून 4,142 वरून शुल्क 4,200 ठेवलं. नोंदणी 24 झाली, पैसे वर्गाच्या दिवशी घ्यायचे ठरले, आणि त्या दिवशी 18 जणच आले. जमा झाली 18 गुणिले 4,200, म्हणजे 75,600. खर्च किती झाला? ठाम 53,000. सहप्रशिक्षक आणि चार पुतळे आधीच ठरवलेले, 14,000. साहित्य 24 संचांचं, 10,800. जेवण 24 जणांचं कळवलेलं, 16,800. फक्त प्रमाणपत्रं 18, त्यांचे 3,600. एकूण 98,200 आणि तूट 22,600. उरलेले सहा संच पुढच्या वर्गात वापरता आले तर 2,700 परत आले असं म्हणता येईल, तरी जवळपास 20,000 गेले.

सहाजण आले नाहीत म्हणून सहा माणसांचा खर्च वाचला नाही, हे यातून दिसतं. वाचले ते फक्त त्यांच्या प्रमाणपत्रांचे 1,200.

म्हणून माझी पद्धत अशी. शुल्क ठरवताना क्षमता विसरायची आणि नोंदणीची आशाही विसरायची. अशाच मागच्या वर्गांत पैसे भरून प्रत्यक्ष किती आले ते बघायचं, त्यातला कमी आकडा घ्यायचा. इथे तो 18 धरू. खर्च 90,300. त्यावर 5 टक्के अडीअडचणींसाठी वाढवले की 94,815 होतात, माणशी 5,268. शुल्क 5,400 ठेवायचं आणि पैसे नोंदणीच्या वेळीच घ्यायचे. आगाऊ पैसे भरणारा माणूस येतोच असं नाही, पण न आल्याने आपलं अंदाजपत्रक कोसळत नाही.

आता किती जण आले की वर्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो ते काढू. प्रत्येकजण 5,400 भरतो, त्यातले 1,350 त्याच्यावरच खर्च होतात, उरलेले 4,050 बाकीच्या खर्चाला जातात. 13 ते 18 जणांच्या टप्प्यात ठाम आणि पायरीचा खर्च मिळून 66,000 आहे. त्याला 4,050 ने भागलं की 16.3 येतात, म्हणजे 17 जण हवेत. हा आकडा समन्वयकाच्या डोळ्यासमोर कायम लिहिलेला असावा.

जेवण, जागा किंवा छपाई यांच्या दरात कर धरलेला आहे की वर लागणार, हेही याच टप्प्यावर तपासा. भरलेल्या कराची वजावट आपल्या संस्थेला मिळत नसेल, तर तो कर म्हणजे खर्चच आहे आणि वरच्या प्रत्येक रकमेत तो मिळवला पाहिजे.

मोफत जागा

"आमच्या दोघांना मोफत घ्या" अशी विनंती हमखास येते. 18 च्या वर्गात दोघे मोफत असतील तर भागाकार 16 ने होतो आणि माणशी खर्च 5,017 वरून 5,644 वर जातो, म्हणजे जाहीर केलेल्या शुल्काच्या वर. पण मोफत जागेची किंमत प्रत्येक वेळी सारखी नसते. जागा नाहीतरी रिकामी राहणार असेल आणि पायरी ओलांडली जात नसेल, तर तिच्यामुळे 1,350 च वाढतात. पैसे भरणारा माणूस बाहेर ठेवून ती दिली तर भरायला तयार असलेले 5,400 जातात, आणि ती 25 वी जागा असेल तर 12,350. विनंतीला होकार द्यायचा असेल तर नोंदणी बंद होण्याच्या दिवशी द्या, कारण कोणती किंमत लागू पडते ते त्या दिवशीच कळतं.

घ्यायचा की रद्द करायचा

वर्गाच्या आठवडाभर आधी 13 जणांनीच पैसे भरले आहेत. 17 होत नाहीत म्हणून लगेच रद्द करायला निघू नका. आधी दोन रकमा काढा.

वर्ग घेतला तर जमा 70,200. खर्च 53,000 अधिक सहप्रशिक्षक 10,000, तीन पुतळे 3,000 आणि माणशी 17,550, म्हणजे 83,550. तूट 13,350.

रद्द केला तर सगळ्यांचे पैसे परत करावे लागतील आणि आजवर झालेला खर्च बुडेल. जागेची अर्धी रक्कम परत मिळत नाही, 8,500. मांडणी आणि नमुना 2,900. समन्वयकाचं झालेलं काम आणि प्रसिद्धी 4,000. प्रशिक्षकाने तयारी केली आहे, 4,000. प्रवासाच्या तिकिटांतले 3,000. एकूण 22,400. म्हणजे तोटा सोसूनही वर्ग घेणंच स्वस्त आहे. म्हणूनच जागेच्या परताव्याची अट लेखी घ्यायला सांगितलं. तिकडे पूर्ण पैसे परत मिळत असते तर हा फरक खूप कमी झाला असता, आणि त्या अटीसह हाच प्रश्न महिनाभर आधी विचारला असता, तिकिटं आणि तयारी व्हायच्या आत, तर उत्तर उलटं आलं असतं.

आणखी एक बघा. 12 च जण असते तर सहप्रशिक्षक लागला नसता, तिसरा पुतळाही नाही. जमा 64,800, खर्च 71,200, तूट फक्त 6,400. तेराव्या माणसाने 5,400 आणले आणि 12,350 चा खर्च वाढवला. अशा वेळी त्या तेराव्याला फोन करून पुढच्या वर्गाची जागा देऊ करावी, किंवा उरलेल्या दिवसांत आणखी चारजण मिळवायला जोर लावावा. या तिन्ही पर्यायांत तेरावर थांबणं सगळ्यांत महाग आहे.

वर्ग संपल्यावर

शेवटची बिलं आली की त्याच तक्त्यात अंदाजाशेजारी प्रत्यक्ष खर्चाचा रकाना भरा आणि तीन आकडे वेगवेगळे नोंदवा: पैसे किती जणांनी भरले, दोन्ही दिवस हजर किती होते, प्रमाणपत्र किती जणांना मिळालं. माणशी खर्च तिन्हींनी भागून काढा. 18 जणांनी पैसे भरले, 17 पूर्णवेळ बसले आणि 15 उत्तीर्ण झाले, तर 90,300 च्या खर्चाचे तीन माणशी आकडे येतात: 5,017, 5,312 आणि 6,020. (दोघांच्या प्रमाणपत्रांचे आणि एकाच्या गैरहजेरीचे किरकोळ फरक इथे सोडले आहेत.) घेतलेलं शुल्क खर्चाला पुरलं का, हे बघायला पहिला आकडा लागतो. एखाद्या संस्थेने प्रशिक्षित माणसं तयार करण्यासाठी निधी दिला असेल तर तिला तिसरा सांगा, कारण तिने पैसे त्यासाठी दिलेले असतात. आणि पुढच्या वर्गाचं शुल्क ठरवताना जो "कमी आकडा" लागतो, तो हजेरीच्या याच रकान्यातून घ्यायचा.